दर्शनबारीतील एकशे अकरा मिनिटे

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची दर दोन महिन्यांनी एक सहल निघते, आणि सहलीच्या आधी कोणीतरी त्या ठिकाणी जाऊन येऊन पानभर टिपण लिहायचे अशी आमची पद्धत आहे. साताऱ्याच्या आसपासची बहुतेक ठिकाणे सगळ्यांनी आयुष्यात कधी ना कधी पाहिलेली असली, तरी गुडघे चांगले होते तेव्हा पाहिलेले ठिकाण आणि आज पाहायचे ठिकाण यांत फार फरक असतो. मी एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. यात्रेच्या दिवशी जादा गाड्या कुठे लावायच्या, माणसे कोणत्या बाजूने चढवायची आणि कोणत्या बाजूने उतरवायची, यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे या वेळी टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

ठिकाण म्हणजे डोंगरावरचे भैरवनाथाचे एक ठाणे. त्याचे आणि गावाचे नाव मी येथे देत नाही, कारण जे दोष मला दिसले ते त्या एकाच देवस्थानाचे नव्हेत, आणि तेथील मंडळी माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागली. रविवार हा नाथाचा वार. चैत्रातली यात्रा पंधरा दिवसांवर आली होती, म्हणून तो रविवार नेहमीपेक्षा जड जाणार हे उघड होते, आणि मी मुद्दामच तो निवडला. रिकाम्या देवळाचे वर्णन गर्दीच्या दिवशी जाणाऱ्याच्या काहीच उपयोगाचे नसते. माझ्याबरोबर एकाहत्तर वर्षांची मावशी होती, जिच्यावरून संघातल्या बाकीच्यांचा अंदाज येईल असा माझा हिशेब होता, आणि कऱ्हाडला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची होती. भाचीच्या हातात मी माझे जुने बोटाने दाबायचे मोजयंत्र दिले होते. आगारात प्रवासी मोजण्यासाठी मी ते स्वतःच्या पैशाने घेतले होते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आम्ही रांगेच्या शेपटाला उभे राहिलो. तेथे लोखंडी खांबावर रंगवलेला फलक होता: ‘येथून दर्शनास ४५ मिनिटे.’ मावशीने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, “अरे, पाऊण तासच ना, मग मी उभी राहीन.” मला तो फलक पाहून थोडी शंका आली, कारण रांग फलकाच्याही मागे गेलेली होती आणि फलक मात्र जागचा हललेला नव्हता.

रांगेला किती वेळ लागेल हे सांगायला फक्त दोन आकडे लागतात. आपल्यापुढे किती माणसे आहेत, आणि एका मिनिटात गाभाऱ्यासमोरून किती माणसे पुढे सरकतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की मिनिटे मिळतात. रांग पुढे सरकताना दिसते म्हणून लोक तिच्या वेगावर विश्वास ठेवतात, पण नागमोडी रेलिंगमध्ये चालण्याचा वेग फसवा असतो. पुढची माणसे दाटीने उभी राहिली की मागच्यांना दहा पावले चालायला मिळते, आणि गाभाऱ्यातून मात्र तेवढ्या वेळात एकही माणूस बाहेर पडलेला नसतो. म्हणून मोजायचे ते नेहमी शेवटच्या दारावर. एस.टी.त आम्ही हेच करीत असू. फलाटावर किती गर्दी दिसते यापेक्षा दर दहा मिनिटांत किती गाड्या फलाट सोडतात याकडे लक्ष ठेवत असू.

पुढची माणसे मी अशी मोजली. दर्शनमंडपात रेलिंगच्या चौदा ओळी होत्या, प्रत्येक ओळ सुमारे साठ फुटांची. माणसे दोन-दोन उभी होती आणि एका जोडीला अंदाजे दीड फूट जागा लागत होती, म्हणजे ओळीत चाळीस जोड्या, ऐंशी माणसे. चौदा ओळींत ११२० माणसे झाली. मंडपाबाहेर रांग रस्त्याच्या कडेने तिघे-तिघे अशी गेली होती, आणि ती सुमारे ४२० फूट होती. हे अंतर मी विजेच्या खांबांवरून पावलांनी मोजले. तेथे ८४० माणसे झाली. एकूण १९६०. यात शे-दीडशेची चूक सहज असेल, पण दुप्पट-निमपट चूक नसेल, आणि प्रवाशाला एवढा अंदाज पुरतो.

दुसरा आकडा आणायला भाची गेली. ती बाहेर पडण्याच्या दारापाशी उभी राहिली आणि तिने घड्याळ लावून दहा मिनिटे बाहेर पडणारी माणसे मोजली. २८१. म्हणजे मिनिटाला अठ्ठावीस. त्यानंतर सभामंडपाच्या पायऱ्यांपाशी, जेथे शंभर रुपयांच्या ‘शीघ्र दर्शन’ पासाची रांग मुख्य रांगेत मिसळते, तेथे आणखी दहा मिनिटे उभे राहून तिने पासवाले वेगळे मोजले. ते ९२ भरले. मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे ती पळत परत आली आणि रेलिंगच्या बाहेरूनच आकडे सांगू लागली. आमच्या मागच्या बायकांना वाटले ती मध्ये घुसते आहे, आणि त्यांनी तिला चांगलेच सुनावले. त्यांचे काही चुकले नाही. ती आत आलीच नाही, बाहेरच कठड्याला टेकून उभी राहिली.

आता हिशेब सोपा होता. १९६० माणसे, मिनिटाला अठ्ठावीस, म्हणजे सत्तर मिनिटे. पण अठ्ठाविसांतले नऊ पासवाले आहेत, म्हणजे आमच्या रांगेच्या वाट्याला मिनिटाला एकोणीसच येतात. १९६० भागिले १९ म्हणजे १०३ मिनिटे. “बघ,” मी भाचीला म्हणालो, “या पासामुळे साध्या रांगेतल्या प्रत्येक माणसाची तेहतीस मिनिटे जातात. हे मी टिपणात ठळक लिहिणार.”

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मामा, पण पास बंद केले तर ते लोक काय घरी जाणार आहेत का? तेसुद्धा तुमच्याच रांगेत येतील ना?”

माझी चूक तेथे होती, आणि ती अगदी उघड होती. पासाच्या रांगेत त्या वेळी अंदाजे २४० माणसे होती. ती साध्या रांगेत मिळवली की २२०० होतात, आणि त्यांना अठ्ठाविसाने भागले की सुमारे एकोणऐंशी मिनिटे येतात. म्हणजे पासामुळे आमचे वाढलेले खरे मिनिट चोवीस. तेहतीस लिहिले असते तर टिपण वाचणाऱ्याला राग जास्त आला असता, आणि तो राग चुकीच्या आकड्यावर उभा राहिला असता. तरीही चोवीस मिनिटे थोडी नव्हेत. आणि पास घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याला २४० भागिले ९, म्हणजे सव्वीस-सत्तावीस मिनिटे लागतात. शंभर रुपयांत त्याचा सव्वा तास वाचतो. देवस्थानाच्या दाराची रुंदी मात्र त्या शंभर रुपयांनी एका बोटाचीही वाढत नाही. जो वेळ एकाचा वाचतो, तो मागे उभ्या असलेल्या अनेकांमध्ये वाटून दिला जातो.

यासाठी पास नसावाच असे माझे म्हणणे नाही. मावशीसारख्यांना तो हवाच आहे. पण त्या पासावर वेळ छापलेली नव्हती, आणि दिवसभरात किती पास द्यायचे याला बंधन दिसले नाही. खिडकीवर जो येईल त्याला मिळत होता. साडेदहाच्या सुमारास पासाची रांगही मंडपाच्या कडेने वळून बाहेर आली, आणि तेव्हा पास घेतलेल्या माणसाची सव्वीस मिनिटे केव्हाच उलटून गेली असावीत. खिडकीवर त्यांना कोणीही ते सांगत नव्हते. साताऱ्याच्या माणसाला याचा दुसरा नमुना जवळच पाहायला मिळतो. कास पठारावर, २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाल्यानंतर, फुलांच्या हंगामातली गर्दी एवढी वाढली की दिवसाला किती पर्यटक सोडायचे याची मर्यादा ठरवून आधी आरक्षण करायला लावावे लागले. देवळाला दिवसाची मर्यादा घालता येणार नाही, आलेल्या माणसाला दर्शन नाही असे कोणी म्हणू शकत नाही. पण निदान विकत द्यायच्या पासांना तासातासाची मर्यादा घालता येते. तासाला तीनशे पास, आणि पासावर वेळ, एवढे झाले तरी दोन्ही रांगांना आपला अंदाज सांगता येईल.

पावत्यांबद्दल आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. पासाच्या पावतीवर अनुक्रमांक होता आणि देवस्थानाचे नाव होते, ते ठीक. खाली वाहनतळावर मात्र पन्नास रुपये घेऊन जी चिठ्ठी दिली तिच्यावर ना क्रमांक, ना तारीख, ना घेणाऱ्याचे नाव. अशी चिठ्ठी दुपारी दुसऱ्या गाडीला पुन्हा देता येते. संघाच्या टिपणात मी एवढेच लिहिले की गाडी लावताना क्रमांकाची पावती मागावी, आणि ती नसेल तर गाडीच्या क्रमांकासह चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा.

रांगेत उभे असताना मला वेळ भरपूर होता, आणि मंडपाची फरशी चांगली निरखता आली. ती शहाबादी होती, दोन फूट बाय दोन फूट. गर्दी किती दाट आहे हे सांगायला अशी फरशी फार उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये खेळाच्या मैदानांवरील सुरक्षेसाठी जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात उभ्या प्रेक्षकांसाठी दहा चौरस मीटरला ४७ माणसे ही कमाल मर्यादा धरली आहे, म्हणजे चौरस मीटरला पाचाच्याही आत. दोन फुटी एका फरशीवर दोन माणसे सतत उभी दिसू लागली तर ते प्रमाण चौरस मीटरला साडेपाचाच्या जवळ जाते. म्हणून मी मावशीला खूण सांगून ठेवली होती की फरशीगणिक एक माणूस असेपर्यंत चिंता नाही, आणि दोन दिसू लागले की पुढे सरकायचे नाही, कडेच्या रेलिंगला धरून थांबायचे. आणखी दाटी झाली की पाय आपल्या इच्छेने टाकता येत नाही. मागचा धक्का माणसांतून लाटेसारखा पुढे येतो, आणि कोणी ढकलले हे कोणालाच सांगता येत नाही. हात वर नेऊन चेहऱ्यावरचा घाम पुसता येतो का, ही त्याहून सोपी परीक्षा. ते जमेनासे झाले तर दर्शनाचा विचार सोडून कडेला व्हावे.

रेलिंगच्या आत आम्हाला कोठेही दोन माणसे एका फरशीवर दिसली नाहीत. रेलिंग तेवढे काम नक्की करते. दाटी झाली ती अगदी वेगळ्या ठिकाणी, आणि तेथे रेलिंग नव्हतेच. गाभाऱ्यातून बाहेर पडायचे दार तीन फुटांचे होते, आणि ते ज्या ओट्यावर उघडत होते त्याच ओट्यावर नारळ वाढवण्याचा दगड होता. दर्शन घेऊन बाहेर आलेला माणूस तेथे थांबणार, पिशवीतून नारळ काढणार, वाढवणार, खोबरे उधळणार, आणि मग घरच्यांची वाट पाहत उभा राहणार. मागून मिनिटाला अठ्ठावीस माणसे येतच होती. त्या ओट्यावरून खाली उतरायच्या पायऱ्यांवर पासाची रांग वर चढत होती. उतरणारे आणि चढणारे एकाच सात-आठ फुटी पायरीवर, आणि पायरी नारळाच्या पाण्याने व गुलालाने चिकट झालेली. मी त्या ओट्यावर दोन फरशा निवडून पाच मिनिटे पाहत राहिलो. कित्येकदा एका फरशीवर तीन माणसे होती, त्यांतले एखादे लहान मूल.

सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ओल्या पायऱ्या पाहिल्या की काय आठवते हे सांगायला नको. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, वाई तालुक्यातील मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास तीनशे माणसे गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली, वरून येणाऱ्यांना खाली काय झाले ते दिसले नाही, आणि नंतर दुकानांना आग लागून गॅसच्या टाक्या फुटल्या. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेथील गर्दी आणि मी पाहत होतो ती गर्दी यांची तुलना होऊच शकत नाही. तेथे लाखांचा जमाव होता, येथे दोन-तीन हजार. पण घसरण्याची कारणे तीच होती: उतार, ओल, आणि एकाच वाटेवर समोरासमोर येणारे दोन प्रवाह. पंधरा दिवसांनी यात्रेला त्याच ओट्यावर किती माणसे येतील, याचा विचार माझ्या मनातून गेला नाही.

गाभाऱ्यात आम्ही दहा वाजून छप्पन्न मिनिटांनी पोहोचलो. एकशे अकरा मिनिटे. माझा अंदाज आठ मिनिटांनी चुकला होता, फलकाचा सहासष्ट मिनिटांनी. मावशी नाथासमोर हात जोडून उभी राहिली तेव्हा सेवेकऱ्याने तिला पुढे ढकलले नाही, उलट क्षणभर दोरी धरून मागची रांग थांबवली. हे मी टिपणात लिहिले, कारण असे सगळीकडे होत नाही. भाचीने त्या दिवशी बाहेरूनच कळसाला हात जोडले.

साडेअकराला नैवेद्य आणि आरतीसाठी दर्शन अर्धा तास बंद झाले. आम्ही तोवर बाहेर आलो होतो, पण मी रांग पाहायला थांबलो. दार बंद असते तेव्हा बाहेर जाणारे शून्य आणि खालून येणारे तेवढेच. त्या वेळी साधारण पाऊण मिनिटाला एक जीप किंवा गाडी भरून माणसे वर येत होती. अर्ध्या तासात शेपूट वळून वाहनतळाकडे गेले. या वेळी रांगेत येऊन उभा राहणारा माणूस आरतीची अर्धी वाट आणि तिने साठवलेली सगळी गर्दी, दोन्ही भोगतो. एस.टी.त घाटात वाहतूक अडकली की आम्हाला ठाऊक असे की रस्ता मोकळा झाल्यानंतरचा पहिला तास सर्वांत वाईट. म्हणून टिपणात मी वेळ अशी लिहिली: रविवारी जायचेच असेल तर आठच्या आत रांगेत, नाहीतर दुपारी दोननंतर. अकरा ते एक या वेळात कोणीही जाऊ नये.

सोयींची पाहणी खरे तर मावशीने केली. रांगेत शिरण्याआधी तिला स्वच्छतागृहात जायचे होते. महिलांकडे सहा शौचकूप होते, त्यांतल्या दोन दारांना कुलूप. बाहेर एकोणीस बायका उभ्या होत्या. येथेही तोच भागाकार लागू पडतो. एकीला साधारण अडीच मिनिटे, चार दारे, म्हणजे बारा मिनिटे. मावशी चौदा मिनिटांनी आली. पुरुषांकडे रांगच नव्हती. सहा आणि सहा अशी समान वाटणी कागदावर न्याय्य दिसते, पण बायकांना वेळ अधिक लागतो आणि त्यांच्याकडे मुतारीची वेगळी सोय नसते, म्हणून समान दारांतून त्यांची रांग नेहमीच लांब राहणार. आतली अवस्था वाईट नव्हती: पाणी होते, कडी लागत होती, पण पिशवी अडकवायला खुंटी नव्हती, आणि ओल्या फरशीवर पूजेची पिशवी ठेवायला कोणतीच बाई तयार नसते. मावशीची पिशवी तिच्या मागच्या बाईने धरली. ही तक्रार मला स्वतःला कधीच सुचली नसती.

भिंतीवर सफाईचा तक्ता लावलेला होता, दर दोन तासांनी सही. आम्ही तो पाहिला तेव्हा सकाळचे पावणेनऊ झाले होते, आणि तक्त्यावर संध्याकाळी सहाची सहीसुद्धा झालेली होती. कोणाला दोष द्यावा असे मला वाटले नाही. एकच माणूस चारही इमारती झाडत होता. स्वच्छतेबद्दल प्रवाशाने तक्त्यावर विसंबू नये, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा जाऊन पाहावे. दुपारी बाराला मी पुन्हा गेलो तेव्हा दाराशी चिखल झाला होता आणि साबणाची बाटली रिकामी होती. मंदिराचा परिसर मात्र दोन्ही वेळा झाडलेला होता, निर्माल्याचे कुंड वेगळे होते, आणि चपलांच्या जागेत टोकन देत होते. पिण्याच्या पाण्याची टाकी रांगेच्या सुरुवातीला होती, मधे कोठेही नव्हती. त्यामुळे तिघांच्या गटाने निदान एक बाटली बरोबर घ्यावी.

निघण्याआधी मी देवस्थानाच्या कार्यालयात गेलो. तक्रार करायची नव्हती, पण आकडे माझ्याजवळ ठेवून उपयोग नव्हता. तेथे बसलेले गृहस्थ वयाने माझ्याएवढेच होते. मी त्यांना फलकाबद्दल विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “तो फलक लावला तेव्हा रांग मंडपातच मावत होती, साहेब. पासही नव्हते.” मी मनात भागाकार केला. मंडपातली ११२० माणसे, मिनिटाला अठ्ठावीस, म्हणजे चाळीस मिनिटे. ज्याने फलक रंगवला त्याने प्रामाणिकपणे, थोडे जास्तच धरून, लिहिले होते.

मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. फलकावर रंगाऐवजी खडूने आकडा लिहा, आणि एका सेवेकऱ्याने दर तासाला बाहेरच्या दारावर दहा मिनिटे मोजून तो बदलावा. नारळ वाढवण्याचा दगड ओट्यावरून उचलून खाली, बाहेर जाण्याच्या वाटेच्या टोकाला न्या. आणि पासाची रांग त्या पायऱ्यांवरून न चढवता नगारखान्याच्या बाजूने आणा. पहिली गोष्ट त्यांनी वहीत लिहून घेतली. तिसरीबद्दल म्हणाले की त्या बाजूला दुकानांचे गाळे आहेत, विश्वस्तांशी बोलावे लागेल. दगडाबद्दल ते थोडा वेळ गप्प राहिले. “तो जागचा आहे,” ते म्हणाले, “लोक ऐकणार नाहीत.” मी वाद घातला नाही. ज्या जागी आजोबांनी नारळ वाढवला त्या जागीच नातवाला वाढवायचा असतो, हे मलाही कळते. मी एवढेच सुचवले की दगड नाही हलवला तरी यात्रेच्या दिवशी नारळ घेऊन, वाढवून, प्रसाद परत देणारी माणसे तेथे उभी करा, म्हणजे भक्त थांबणार नाही, आणि ओट्याला एक चर काढा, म्हणजे पाणी पायरीवर येणार नाही. चर त्यांना पटला. ते खर्चाचे काम नव्हते.

टिपण मी त्याच रात्री लिहिले. वर ठळक अक्षरांत वेळ, मग पासाबद्दलचा खरा आकडा, मग ओट्यावरची दाटी. मावशीच्या आग्रहाने खुंटीचा उल्लेख. ‘उत्तम’, ‘ठीक’, ‘वाईट’ असे गुण मी कोठेही दिले नाहीत, कारण रविवारी वाईट असलेली गोष्ट बुधवारी नसते. कोणत्या वारी, किती वाजता, किती माणसे असताना मी पाहिले, हे प्रत्येक ओळीशेजारी लिहिले. त्यावरून संघाने सहल यात्रेनंतरच्या बुधवारवर ढकलली. अध्यक्षांना रविवार हवा होता, नातवंडे बरोबर येतात म्हणून, पण एकशे अकरा हा आकडा ऐकून ते गप्प झाले.

त्या बुधवारी आम्ही अडतीसजण गेलो. रांगेला बारा मिनिटे लागली, आणि मंडपातल्या तीनच ओळी भरलेल्या होत्या. पायरीच्या कडेने सिमेंटचा नवा, अरुंद चर काढलेला होता, आणि त्यातून नारळाचे पाणी ओट्याच्या मागे जात होते. पायऱ्या कोरड्या होत्या. दगड जागेवरच होता. महिलांकडच्या दोन दारांपैकी एकाचे कुलूप निघाले होते, खुंट्या अजून लागल्या नव्हत्या. खालच्या लोखंडी खांबावर ‘येथून दर्शनास’ आणि ‘मिनिटे’ ही अक्षरे तशीच होती, आणि मधला पंचेचाळीसचा आकडा पांढऱ्या रंगाने पुसून तेथे काळी पट्टी रंगवलेली होती. पट्टीवर अजून काहीच लिहिलेले नव्हते. मावशीने खांबाच्या तळाशी पाहिले आणि तेथे ठेवलेला खडू उचलून माझ्या हातात दिला. मी कार्यालयाकडे एकदा पाहिले आणि पट्टीवर १२ लिहिले.